मेंदूत गाठी गेल्यावर : डेक्सा किती दिवस, आणि 'लाईट' सगळ्या डोक्याला की फक्त गाठीला?

बेळगाव : खानापूर तालुक्यातलं एक घर डोळ्यासमोर आणा. काकूंचं वय ५४. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, गाठ 'हर-टू पॉझिटिव्ह' निघाली म्हणून वर्षभर इंजेक्शनंही झाली. सगळं मार्गी लागलं होतं. आता पंधरा दिवसांपासून पहाटे डोकं ठणकतंय, उठल्या उठल्या उलटी होतेय आणि उजव्या हातातून डाव सुटून पडतोय. घरच्यांना आधी पित्त वाटलं, मग बीपी. शेवटी एमआरआय झाला आणि मेंदूत चार गाठी दिसल्या. एक डाव्या बाजूला, २.६ सेंटिमीटरची, हात हलवणाऱ्या भागाजवळ. बाकी तीन हरभऱ्याएवढ्या.

हे घर कल्पनेतलं असलं तरी अशी घरं कमी नाहीत. मेंदूत पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये पहिला नंबर फुप्फुसाच्या कॅन्सरचा आणि त्याखालोखाल स्तनाच्या कॅन्सरचा. स्तनाच्या कॅन्सरमध्येही हर-टू पॉझिटिव्ह आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' हे प्रकार डोक्याकडे जास्त जातात. ही मेंदूची मूळ गाठ नसते. फुप्फुसातल्या किंवा स्तनातल्या पेशी रक्तातून वर जाऊन तिथं रुजलेल्या असतात. म्हणून तिला 'ब्रेन ट्यूमर' म्हणून वेगळा आजार समजून चालत नाही. मूळ कॅन्सर कुठला, त्याची जात कुठली, यावरच पुढचं बरंच काही ठरतं.

इथं एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडे मेंदूत अंगठीसारखी कडा असलेली एकच गाठ दिसली तर ती टीबीची किंवा टेपवर्मच्या अळीचीही असू शकते. आधी कॅन्सर झालेल्या माणसालासुद्धा. एकच गाठ असेल आणि बाकी शरीरात कॅन्सर शांत असेल, तर तुकडा तपासण्याचा किंवा गाठ काढण्याचा विचार डॉक्टर करतात तो उगाच नाही. काकूंच्या चार गाठी आणि जुनी फाइल पाहता तशी शंका फारशी उरत नाही.

डेक्सा सूज उतरवते, गाठ नाही

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की पहिलं औषध बहुतेक वेळा डेक्सामेथासोन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातलं 'डेक्सा'. गाठीच्या आजूबाजूच्या रक्तवाहिन्या गळक्या होतात, त्यातून पाणी झिरपतं आणि मेंदू सुजतो. कवटीला काही फुगायला जागा नसते. डोकं दुखणं, उलटी, हाताचा अशक्तपणा हे बऱ्याचदा गाठीपेक्षा या सुजेमुळे होतं. डेक्सा ही गळती कमी करतं. एक ते तीन दिवसांत फरक दिसतो आणि तो इतका ठळक असतो की घरातली माणसं चकित होतात. काकूंचा हात चौथ्या दिवशी पुन्हा पोळी लाटायला लागला.

आणि इथंच पहिली गल्लत होते. "हात चालायला लागलाय, आता कशाला पुण्या-मुंबईला न्यायचं?" असं घरात कुणीतरी म्हणतंच. पण गाठ आहे तिथंच आहे आणि वाढतेच आहे. डेक्सानं फक्त वेळ मिळालेला असतो. तो थोड्या आठवड्यांचा असतो आणि त्या वेळात पुढचा उपचार ठरवायचा असतो.

डोस किती? त्रास हलका किंवा मध्यम असेल तर दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरतात. पेशंट गुंगीत आहे, उलट्या थांबत नाहीत, मेंदू एका बाजूला सरकलाय अशी अवस्था असेल तर १६ मिलिग्रॅमपर्यंत जातात. 'गंभीर आजार, मग जोरदार डोस' हा हिशेब इथं चुकतो. १९९४ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात ४, ८ आणि १६ मिलिग्रॅमची तुलना झाली. ज्यांना मेंदू दाबला जाण्याचा तातडीचा धोका नव्हता, त्यांच्यात आठवड्यानंतर सुधारणा जवळपास सारखीच होती. चेहरा सुजणं, मांड्या गळणं हे दुष्परिणाम मात्र १६ वाल्यांत जास्त होते. गाठी दिसल्या पण त्रास काहीच नाही, अशा पेशंटला बहुतेक वेळा स्टिरॉइड लागतच नाही.

गोळ्यांच्या बाबतीत एक साधी काळजी घ्यावी लागते. डेक्साची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची येते, तशी ४ मिलिग्रॅमचीही येते. चिठ्ठीवर 'दोन गोळ्या सकाळी, दोन दुपारी' एवढंच लिहिलं असेल आणि मेडिकलवाल्यानं दुसरी पट्टी दिली तर डोस आठपट कमी किंवा आठपट जास्त होतो. चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहिलेले हवेत आणि पट्टीवरचे मिलिग्रॅम घरी एकदा वाचून बघायला हवेत.

वेळेचंही तसंच. डोस सकाळी आणि दुपारी जेवणापर्यंत संपवलेला बरा. रात्री ८ वाजता दिलेलं डेक्सा पेशंटला रात्रभर जागं ठेवतं. मग तो चिडतो, घरचेही जागतात आणि झोपेची गोळी सुरू होते. मूळ दुरुस्ती नुसती घड्याळाची असते.

साखर, मांड्या आणि न थांबलेली गोळी

काकूंना आधीपासून शुगर आहे. डेक्सा सुरू झाल्यावर सातव्या दिवशी उपाशीपोटी साखर १४० आली आणि घरच्यांना हायसं वाटलं. पण सकाळी घेतलेल्या डेक्सामुळे साखर चढते ती मुख्यतः दुपारनंतर. संध्याकाळी तपासली तेव्हा ३४० निघाली. म्हणून डेक्सा चालू असताना फक्त उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबायचं नाही, दुपारच्या जेवणानंतरची किंवा संध्याकाळची बघायची. शुगर आधी नव्हती अशांचीसुद्धा. खूप तहान, वारंवार लघवी आणि सुस्ती दिसली तर 'गाठ वाढली' असं समजण्याआधी बोटातून एक थेंब रक्त तपासावं.

दुसरा त्रास मांड्यांचा. तीन-चार आठवडे डेक्सा झालं की जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, संडासात बसल्यावर उठता येत नाही, जिना चढवत नाही. घरात लगेच भीती पसरते की कॅन्सर पाठीच्या कण्यात गेला. तो धोकाही असतो, त्यामुळे डॉक्टरांना दाखवणं टाळायचं नाही. पण ओळखायची एक खूण आहे. स्टिरॉइडचा अशक्तपणा दोन्ही मांड्यांत सारखा असतो, पायाची बोटं आणि पंजे नीट हलतात, मुंग्या येत नाहीत, लघवीवरचा ताबा जात नाही. मेंदूतल्या गाठीचा अशक्तपणा बहुधा एकाच बाजूला असतो. एकाच बाजूचा हात-पाय ढिला पडला तर तो मांड्यांचा विषय नव्हे.

शिवाय तोंडात पांढरे चट्टे येऊन गिळताना दुखतं, ती बुरशी असते. डेक्सासोबत गुडघेदुखीची गोळी चालूच राहिली तर पोटात जखम होऊन काळी शौचास होते, तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. आपल्याकडे गुडघ्याची गोळी 'औषध' म्हणून मोजतच नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मात्र या सगळ्यापेक्षा मोठी गडबड वेगळीच आहे. गोळी सुरू कुणी केली ते फाइलमध्ये असतं, थांबवायची कुणी आणि कधी ते कुठंच लिहिलेलं नसतं. पेशंट तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहरात जातो. प्रत्येक डॉक्टर समजतो की आधीचा बघत असेल. घरचे तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पट्टी आणत राहतात. असे तीन-तीन महिने जातात. उलटा प्रकारही तितकाच वाईट. दुष्परिणामांना घाबरून कुणीतरी गोळी एका दिवसात बंद करतं. दोन-तीन आठवड्यांहून जास्त स्टिरॉइड घेतलं की शरीरातली स्वतःची स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी गेलेली असते. अचानक बंद केलं की माणूस गळून जातो, उलट्या होतात, बीपी आणि साखर खाली येते.

काकूंच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर उतरत्या पायऱ्या लिहून दिल्या. उपचार होईपर्यंत ८ मिलिग्रॅम. उपचारानंतर पाच दिवस ६, मग पाच दिवस ४, मग २, मग १ आणि नंतर बंद. मधेच डोकं ठणकायला लागलं किंवा हात पुन्हा ढिला पडला तर आधीच्या पायरीवर परत जायचं आणि फोन करायचा. ही काकूंची पायरी. दुसऱ्याची वेगळी असते, ती त्याच्या डॉक्टरांनीच लिहायची. पण कागद मात्र हवाच.

फिटच्या गोळीबद्दलही लोक विचारतात. फिट आलेली असेल तर गोळी लागतेच. आलेली नसेल तर 'येऊ नये म्हणून' सरसकट देण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.

दोन प्रकारची लाईट

रेडिएशनला गावाकडं कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाईट'. मेंदूसाठी ती दोन तऱ्हांनी देतात आणि 'कुठली घ्यायची' हा निर्णय घरच्यांसमोर बऱ्याचदा दहा मिनिटांत येऊन पडतो.

पहिली तऱ्हा सगळ्या मेंदूला. दोन्ही बाजूंनी किरण सोडतात, दिसणाऱ्या गाठींवर आणि न दिसणाऱ्या बारीक पेशींवर सारखाच मारा होतो. नेहमीचा हिशेब ३० ग्रे, दहा बैठकांत, म्हणजे दोन आठवडे. पेशंट अशक्त असेल तर २० ग्रे पाच बैठकांत. ग्रे हे किरणांचं माप. साध्या मशिनवर हे होतं, तयारीला वेळ लागत नाही आणि लांब जावं लागत नाही.

दुसरी तऱ्हा फक्त गाठीला, जिला रेडिओसर्जरी किंवा एसआरएस म्हणतात. नावात सर्जरी असली तरी कापाकापी नाही. पुष्कळ दिशांनी बारीक बारीक किरण सोडतात. एकेका किरणात जोर थोडा, पण सगळे जिथं एकमेकांना छेदतात त्या गाठीवर मोठा डोस बसतो आणि मिलिमीटरभर बाजूला तो झपाट्यानं उतरतो. ही कल्पना स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांची, १९५१ ची. त्यांचं गामा नाइफ हे त्यातलं जुनं मशिन. सायबरनाइफ किंवा चांगल्या प्रतीचा लिनॅक यांवरही हे होतं. मशिनच्या नावापेक्षा तिथली टीम हे काम नेहमी करते का, हे विचारणं जास्त कामाचं. डोकं हलू नये म्हणून फ्रेम किंवा चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क लावतात. एक ते पाच बैठकांत काम होतं.

गाठ जेवढी मोठी, तेवढा एका वेळचा डोस कमी ठेवावा लागतो, नाहीतर शेजारचा मेंदू जळतो. दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला एकाच वेळी २० ते २४ ग्रे देता येतात, तीन-चार सेंटिमीटरच्या गाठीला एका वेळी १५ च्या आसपासच. म्हणून मोठ्या गाठीसाठी डोस वाटून देतात, उदाहरणार्थ ९ ग्रे तीन वेळा.

मग फरक कशात पडतो?

आयुष्याच्या लांबीत नव्हे, आठवणीत. २०१६ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक ते तीन गाठी असलेले २१३ पेशंट. निम्म्यांना फक्त गाठींवर, निम्म्यांना गाठींवर आणि शिवाय सगळ्या मेंदूलाही. तीन महिन्यांनी स्मरण, शब्द आठवणं, हाताची सफाई यांच्या चाचण्या घेतल्या. फक्त गाठींवर घेतलेल्यांपैकी ६३.५ टक्के कुठल्या ना कुठल्या चाचणीत घसरले होते, सगळ्या मेंदूला घेतलेल्यांपैकी ९१.७ टक्के. जगण्याच्या काळात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता.

दुसऱ्या बाजूचं सत्यही त्याच अभ्यासात आहे. फक्त गाठींवर लाईट घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या मेंदूत वर्षभरात आजार पुन्हा दिसला, बहुधा दुसऱ्या जागी. सगळ्या मेंदूवाल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे एसआरएस घेतली की दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करणं हा त्या उपचाराचाच भाग आहे. नवी गाठ लहान असताना सापडली तर तिलाही पुन्हा एसआरएस देता येते. एमआरआय चुकवला तर ती पुढच्या फिटबरोबरच कळते. ज्या घराला हे येणं-जाणं, हा खर्च झेपणार नाही, त्यांनी तसं आधी सांगायला लाजू नये, कारण त्यावरून डॉक्टरांचा सल्ला बदलू शकतो.

गाठी किती असल्या तर एसआरएस, हा आकडा पूर्वी तीन-चारवर अडला होता. २०१४ साली जपानमधल्या ११९४ पेशंटांच्या अभ्यासात पाच ते दहा गाठी असलेल्यांचं आयुष्य दोन ते चार गाठीवाल्यांपेक्षा कमी नव्हतं. अट अशी होती की गाठींचं एकूण आकारमान १५ मिलीच्या आत हवं. त्यामुळे आता नुसती संख्या मोजत नाहीत. काकूंच्या चारही गाठी मिळून १० मिली होतात, दोन चहाचे चमचे. मोठी गाठ तीन बैठकांत, लहान तिन्ही एकेकदा, असं त्यांचं ठरलं. हर-टू पॉझिटिव्ह आजारात मेंदूत गाठी गेल्यावरही दोन-दोन वर्षं आणि त्याहून जास्त काळ जगणाऱ्या बायका आहेत. त्या काळात नातवाचं नाव आठवलं पाहिजे, दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करता आला पाहिजे. लाईटनंतर त्यांना हर-टूवरची मेंदूत परिणाम करणारी औषधंही देता येतील, तो विषय त्यांच्या केमोच्या डॉक्टरांचा.

गाठ तीन-चार सेंटिमीटरहून मोठी आणि एकच असेल, किंवा लहान मेंदूत बसून पाण्याची वाट अडवत असेल, तर आधी ऑपरेशन आणि मग त्या पोकळीला लाईट.

सगळ्या मेंदूची लाईट कधी?

ती टाकाऊ झालेली नाही. गाठी मोजता येणार नाहीत इतक्या असतील, मेंदूच्या आवरणावर आजार पसरला असेल, फुप्फुसाचा 'स्मॉल सेल' प्रकार असेल, तर बहुतेक वेळा तीच योग्य. केस जातात, थकवा आणि झोपाळूपणा काही आठवडे राहतो. आठवण वाचवण्यासाठी दोन गोष्टी मदत करतात : आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग टाळून किरण देणं, आणि सहा महिने मेमँटिन ही गोळी. दोन्ही एकत्र केल्यानं विस्मरण कमी होतं हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. गाठ त्या भागाला चिकटून असेल तर मात्र तो टाळता येत नाही. 'हिप्पोकॅम्पस वाचवता येईल का?' हा प्रश्न रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्याही आधी एक प्रश्न असतो : तुकड्याची ईजीएफआर आणि एएलके तपासणी झाली का? भारतातल्या पेशंटांत, विशेषतः कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांत, हे बदल बरेचदा सापडतात. सापडले आणि मेंदूतल्या गाठी लहान, त्रास नाही, तर ओसिमर्टिनिब किंवा अलेक्टिनिबसारख्या गोळीनं गाठी आकसतात आणि लाईट पुढे ढकलता येते. तपासणीचा रिपोर्ट येण्याआधी घाईनं सगळ्या मेंदूला लाईट देणं म्हणजे ही संधी न बघताच सोडणं.

आणि एक अवघड प्रसंग. ७० वर्षांचे मामा, फुप्फुसाचा कॅन्सर, मेंदूत पंधरा-वीस गाठी, अंथरुणाला खिळलेले, यकृतातही आजार. मुलं म्हणतात काहीतरी करा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ५३८ फुप्फुस कॅन्सर पेशंटांवर झालेला 'क्वार्ट्झ' अभ्यास २०१६ साली आला. ऑपरेशन किंवा एसआरएस शक्य नसलेले हे पेशंट. निम्म्यांना डेक्सा आणि चांगली शुश्रूषा, निम्म्यांना त्यासोबत पाच दिवस सगळ्या मेंदूला लाईट. जगण्याचा मध्यम काळ एका गटात ८.५ आठवडे, दुसऱ्यात ९.२. आयुष्याच्या गुणवत्तेतही सांगण्यासारखा फरक नाही. अशा मामांना पाच दिवस गाडीत घालून नेण्याऐवजी घरी ठेवून डेक्सा, वेदनेचं औषध आणि फिटची सोय करणं म्हणजे त्यांना सोडून देणं नव्हे. पेशंट धडधाकट, चालता-फिरता असेल तर मात्र हा निष्कर्ष त्याला लावू नये.

सहा महिन्यांनंतरची फसवी गाठ

काकूंचा हात आता बरा आहे, डेक्सा बंद झालंय, पहिले दोन एमआरआय चांगले आले. तिसऱ्यात मोठी गाठ पुन्हा फुगलेली दिसली आणि भोवती सूजही. गाठ परतली असेल, किंवा किरणांनी मेलेला भाग सुजला असेल. याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. एसआरएसनंतर सहा महिने ते दीड वर्षात तो दिसू शकतो, मोठ्या गाठीत जास्त. साध्या एमआरआयवर दोन्ही सारखेच दिसतात. रक्तप्रवाह दाखवणारा परफ्यूजन एमआरआय मदत करतो : जिवंत गाठीत रक्त जास्त खेळतं, मेलेल्या भागात कमी. तरी शंका राहिली आणि त्रास नसेल तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करून तुलना करतात. त्रास असेल तर थोडे दिवस डेक्सा, तेवढ्यानं न भागल्यास बेवासिझुमॅबचं इंजेक्शन, क्वचित ऑपरेशन.

ही तुलना करायला जुन्या एमआरआयची सीडी आणि लाईटचा प्लॅन लागतो. नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. उपचार एका राज्यात आणि एमआरआय दुसऱ्या राज्यात, हे सीमाभागात नेहमीचंच. म्हणून प्रत्येक वेळी सीडी मागून घ्यायची आणि लाईट संपल्यावर कुठल्या गाठीला किती ग्रे, किती बैठकांत, कुठल्या तारखेला दिले याचा सारांश लिहून घ्यायचा. काकूंच्या मुलानं तो डेक्साच्या पायऱ्यांच्या कागदासोबत एकाच पिशवीत ठेवलाय.